नानांच्या चेअरची बॅटरी का बसली

फेब्रुवारीत दादरहून नानांच्या सुनेचा फोन आला. "काका, चेअरची बॅटरी बसली. दुकानदार म्हणतो नवी टाका. पण ही टाकून दीड वर्षसुद्धा झालेलं नाही. जरा बघून जाता का?"

नाना ८१ वर्षांचे. दोन्ही गुडघे गेलेत, पण रोज संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यापर्यंत जायचंच. ते सगळं त्या इलेक्ट्रिक व्हीलचेअरच्या जोरावर. माझी नोकरी आयुष्यभर विजेच्या खात्यात झाली, आणि गेली सहा वर्षं घरी माझी बायकोही अशीच चेअर वापरते. त्यामुळे ओळखीत कुणाची चेअर किंवा स्कूटर अडली की फोन माझ्याकडे येतो. दहातल्या सात-आठ वेळा बॅटरीत मुळात खोट नसते. ती ज्या चार्जरने आणि ज्या सवयीने चार्ज होते, तिथे गडबड असते. नानांच्या घरी काय झालं होतं ते नीट सांगतो, कारण त्यात जवळजवळ सगळं येतं.

मी गेलो तेव्हा चेअर हॉलमध्ये उभी होती आणि जॉयस्टिकवरचे दिवे पूर्ण हिरवे होते. म्हणजे दिसायला बॅटरी भरलेली. नानांना बसवून जिन्याजवळच्या उतारावर चेअर वर चढवायला सांगितली. अर्ध्यावर पोचेपर्यंत हिरवे दिवे जाऊन पिवळे आले, वर पोचता पोचता लाल. थांबलो, दोन मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा पिवळे. बसलेल्या बॅटरीचं हे सरळ लक्षण. ताण आला की कोसळते, विसावा मिळाला की परत भरल्यासारखी दिसते. नुसत्या दिव्यांवर विश्वास ठेवू नये तो यासाठीच.

मग चार्जर मागितला. सुनेने कपाटातून काढून दिला. छोटा, हलका, मुठीत मावेल एवढा. मला तिथेच शंका आली.

आता थोडं आतलं. बहुतेक चेअर आणि मोबिलिटी स्कूटर २४ व्होल्टवर चालतात, आणि सीटखाली १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. नानांच्या चेअरमध्ये ३५ एएचच्या दोन सीलबंद बॅटऱ्या आहेत, शिशाच्या, ज्यांना दुकानात एजीएम म्हणतात. एएच म्हणजे अँपिअर-तास. ३५ एएचची टाकी आहे असं समजा. चार्जरवर अँपिअर लिहिलेले असतात, तो नळाचा वेग. नानांच्या चेअरबरोबर आला होता तो चार्जर ५ अँपिअरचा. दिवाळीनंतर तो बंद पडला, आणि कुणीतरी ओळखीतून एका लहान घडीच्या स्कूटरचा चार्जर आणून दिला. तो २ अँपिअरचा. प्लग बसला, लाल दिवा लागला, सगळ्यांना वाटलं काम झालं.

शिशाच्या बॅटरीला साधारण तिच्या एएचच्या एक दशांश ते एक सप्तमांश एवढ्या अँपिअरचा चार्जर लागतो. १२ एएचला १ ते २ अँपिअर, ३५ ला ४ ते ५, ५० ला ५ ते ७. चार्जर फार मोठा असेल तर लहान बॅटरी तापते आणि आतला ओलावा वाफ होऊन जातो. सीलबंद बॅटरीत तो परत घालता येत नाही. चार्जर फार लहान असेल तर दुसरी अडचण. भरण्याचा शेवटचा टप्पा गाठायलाच त्याला इतका वेळ लागतो, की त्याआधी माणूस प्लग काढून मोकळा होतो.

नानांच्या घरी नेमकं हेच चाललं होतं. त्यात आणखी एक गोष्ट मिसळली होती.

"रात्री किती वेळ लावता?" मी विचारलं.

"नऊला लावते, अकराला झोपताना काढते," सून म्हणाली. "रात्रभर कसं ठेवायचं काका? पेपरात वाचतो ना आपण, चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली म्हणून. आणि नाना आतल्या खोलीत झोपलेले."

तिची भीती खोटी नाही. पण पेटणाऱ्या बॅटऱ्या आणि नानांच्या चेअरमधल्या बॅटऱ्या यांच्यात फरक आहे. त्याकडे नंतर येतो. आधी हिशेब मांडून बघू.

नानांची रोजची फेरी आणि घरातलं फिरणं मिळून साधारण ६ एएच खर्च होतात. शिशाच्या बॅटरीत जेवढं काढलं त्यापेक्षा थोडं जास्त परत घालावं लागतं, कारण काही भाग उष्णतेत जातो. म्हणजे ७ एएच परत गेले पाहिजेत. २ अँपिअरचा चार्जर दोन तास, म्हणजे जास्तीत जास्त ४. रोज ३ ची तूट. सहा दिवसांत १८. म्हणजे शनिवारी रात्री टाकी अर्ध्याच्या खाली. रविवारी मुलगा घरी असतो, तो सकाळी दहाला प्लग लावायचा आणि संध्याकाळी नाना बाहेर निघाले की काढायचा. त्या आठ-नऊ तासांत तूट जवळपास भरून यायची, पण चार्जरवर पूर्ण भरल्याचा हिरवा दिवा लागायच्या आतच प्लग निघायचा. सोमवारपासून पुन्हा उतरण. दिवाळी ते फेब्रुवारी, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त काळ, ती बॅटरी एकदाही पूर्ण भरली नव्हती.

शिशाच्या बॅटरीला याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. बॅटरी उतरते तेव्हा तिच्या आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा बारीक थर बसतो. पूर्ण चार्ज झाली की तो विरघळून परत जातो. पण अर्धवट भरून ठेवली, तर उरलेला थर हळूहळू मोठ्या कठीण खड्यांचा होतो, आणि मग तो साध्या चार्जिंगने निघत नाही. पट्टीचा तेवढा भाग कामातून गेला. आपल्या नळाला खारं पाणी असलं की तोटीच्या जाळीवर जे पांढरं कडक बसतं, तसं समजा. रोज पुसलं तर निघतं, महिनोन्‌महिने राहिलं तर खरवडूनही जात नाही.

याचं एक लक्षण घरी ओळखता येतं आणि लोक त्यालाच चांगलं समजून फसतात. आधी चार्जिंगला सात तास लागायचे, आता तीन तासांतच हिरवा दिवा लागतो. "चार्जर फास्ट झाला" असं मला एका आजींनी आनंदाने सांगितलं होतं. चार्जर फास्ट झालेला नसतो. टाकी लहान झालेली असते, म्हणून ती लवकर भरते.

नानांच्या बॅटऱ्या मी माझ्या घरचा ५ अँपिअरचा चार्जर लावून रात्रभर भरल्या, मग काही तास तशाच ठेवल्या आणि प्रत्येकीचं व्होल्टेज वेगळं मोजलं. पहिली १२.८, म्हणजे भरलेली. दुसरी १२.३, म्हणजे पूर्ण चार्ज होऊनही जेमतेम अर्धी. उतारावर चढताना मोजलं तर पहिली १२.१ ला टिकली आणि दुसरी १०.४ ला कोसळली. दोन्ही एकाच साखळीत असल्यामुळे कमजोर बॅटरी चांगलीलाही अडवते. इथे "एकच बदला" हा मोह होतो, दुकानदारही कधी सुचवतो. करू नये. नवी आणि जुनी एकत्र जोडली की चार्जर दोघींची बेरीज बघून थांबतो. मग जुनी अर्धवट राहते आणि नवीवर जास्तीचा भार पडतो, सहा महिन्यांत नवीही तिच्याच वाटेला लागते. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या, एकाच वेळी बदलायच्या.

हे मोजमाप घरी करत बसू नका. सीटखालच्या टोकांना पाना किंवा दागिना टेकला तर मोठी ठिणगी उडते आणि भाजतं. मेकॅनिककडून करून घ्या, पण प्रत्येक बॅटरीचा आकडा वेगळा आणि चेअर चालू असताना मागा. नुसतं "चोवीस दाखवतंय, ठीक आहे" याला काही अर्थ नाही.

चार्जर जुळवताना

चार्जरच्या पाठीवरच्या लेबलवर दोन ओळी असतात. इनपुट म्हणजे भिंतीतून काय घेतो, आउटपुट म्हणजे चेअरला काय देतो. अक्षरं मुंगीएवढी असतात, मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा.

इनपुटमध्ये १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं हवं, किंवा निदान २३० तरी. मुंबईत ही चूक मी तीनदा पाहिली आहे. अमेरिकेतून मुलगा येताना आईसाठी छान घडीची चेअर आणतो, चार्जरवर फक्त ११५ किंवा १२० व्होल्ट लिहिलेलं असतं, आपण इथे प्लगला अ‍ॅडॅप्टर लावून २३० च्या सॉकेटमध्ये घालतो आणि फट्‌ आवाज होतो. अ‍ॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. असा चार्जर इथे वापरायचाच नाही, त्याच बॅटरीसाठी इथला दुसरा घ्यायचा.

आउटपुटमध्ये तीन गोष्टी जुळायला हव्यात. व्होल्ट तेच, अँपिअर बॅटरीच्या मापाचे, आणि बॅटरीचा प्रकार तोच. तिसरी गोष्ट लोक सोडून देतात. शिशाची बॅटरी की लिथियमची, हे चार्जरवरही लिहिलेलं असतं आणि बॅटरीवरही. जड चेअर आणि मोठ्या स्कूटरमध्ये सहसा शिशाची असते. घडी करून गाडीच्या डिकीत टाकता येतात, बॅटरी हाताने काढून घरात नेता येते, अशा हलक्या चेअरमध्ये सहसा लिथियम.

बाजारात "दोन्ही चोवीसचेच, चालतं" असं ऐकायला मिळतं. आकडे खरंच जवळजवळ आहेत. शिशाचा चार्जर वर २८.८ ते २९.४ व्होल्टपर्यंत जातो, लिथियमचा साधारण २९.४ पर्यंत. फरक शेवटी काय करतो यात आहे. शिशाचा चार्जर भरल्यावर २७ च्या आसपास उतरतो आणि थोडं थोडं देत राहतो, कारण शिशाच्या बॅटरीला ते मानवतं. काही चार्जर तर सल्फेट फोडण्यासाठी मध्येच जास्त व्होल्टेजचे धक्केही देतात. लिथियमला ते धक्के नकोत आणि थेंबथेंब देत राहणंही नको. तिचा चार्जर भरली की हात काढून घेतो. लिथियम बॅटरीच्या आत एक संरक्षक सर्किट असतं, ते चुकीचा चार्जर काही वेळा अडवतं. पण ते शेवटचा पहारेकरी आहे, रोज त्याच्यावर धाड घालून कसं चालेल? उलट बाजूनेही तसंच. लिथियमचा चार्जर शिशाच्या बॅटरीला लावला तर ती एकतर अर्धवट सुटते, किंवा चार्जर न थांबणारा असेल तर आतून सुकते.

सगळ्यात मोठा धोका मात्र प्लगचा. बहुतेक चेअरच्या चार्जरला तीन पिनांचा गोल धातूचा प्लग असतो, माईकच्या वायरला असतो तसाच. हाच प्लग ३६ व्होल्टच्या काही इलेक्ट्रिक सायकलींच्या चार्जरलाही असतो. तो चार्जर ४२ व्होल्टपर्यंत जातो. नातवाच्या सायकलीचा चार्जर आजोबांच्या चेअरला सहज बसेल, पण तो लावला तर आग लागू शकते. म्हणून प्लग बसला याचा अर्थ चार्जर जुळला असा कधीच घ्यायचा नाही. घरात असे दोन चार्जर असतील तर चेअरच्या चार्जरला जाड लाल टेप गुंडाळा आणि चेअरच्या सॉकेटपाशीही तीच टेप लावा. लाल ते लाल. दृष्टी कमी झालेल्या माणसालाही ते कळतं.

आणखी एक, प्लग लावण्याबद्दल. चेअरचं सॉकेट बहुतेक वेळा जॉयस्टिकच्या पुढच्या बाजूला, खालून असतं. वाकून दिसत नाही, बोटांना संधिवात असतो, मग अंदाजाने फिरवत जोर लावला जातो. तीनपैकी एक पिन वाकली की संपलं. प्लगला एका बाजूला खाच असते, ती सॉकेटच्या खाचेसमोर आली की प्लग आपोआप आत सरकतो. बायकोच्या चेअरला मी सुनेच्या नेलपेंटचा पांढरा ठिपका सॉकेटवर आणि तसाच एक प्लगवर दिला आहे. ठिपका ठिपक्यासमोर धरायचा, मग जोर लागतच नाही. तिसऱ्या पिनेचं कामही लक्षात ठेवा. प्लग लागलेला असताना चेअर हलू नये यासाठी ती असते. चार्जिंग चालू असताना जॉयस्टिक ढकलल्यावर चेअर पुढे सरकली, तर तिथे बिघाड आहे. दुरुस्त होईपर्यंत ती वापरू नका.

संध्याकाळ, रात्र आणि आगीची भीती

नानांच्या सुनेला मी सांगितलं ते हे.

शिशाच्या बॅटरीची चेअर ज्या दिवशी वापरली त्याच दिवशी चार्जिंगला लावायची. थोडीच वापरली तरी. "पूर्ण उतरू दे, मग लाव" हे जुन्या मोबाइलच्या काळात कानावर पडलेलं आहे, आणि आपल्या पिढीच्या डोक्यात ते पक्कं बसलंय. शिशाच्या बॅटरीला ते मारक आहे. ती जितकी खोल उतरेल तितकं आयुष्य कमी. कट्ट्यावरून नाना साडेसहाला परत येतात, तेव्हाच लावायची. योग्य ५ अँपिअरच्या चार्जरने त्यांचे ७ एएच दीड-दोन तासांत गेले, पण मग खरा महत्त्वाचा शेवटचा टप्पा सुरू होतो. त्यात करंट हळूहळू कमी होत जातो आणि सल्फेटचा उरलेला थर विरघळतो. त्याला आणखी तीन-चार तास लागतात. म्हणजे साडेअकरा-बाराच्या सुमारास हिरवा दिवा. त्यासाठी कुणी जागं राहायची गरज नाही. बॅटरीला जुळणारा, चांगल्या स्थितीतला शिशाचा चार्जर हिरवा झाल्यावर स्वतःच कमी होतो, आणि सकाळपर्यंत लागलेला राहिला तरी बॅटरीचं भलंच होतं.

लिथियमच्या चेअरचा नियम वेगळा. पेपरात येणाऱ्या आगींच्या बातम्या बहुतांशी लिथियमच्या असतात. ती बॅटरी साधारण तीन ते पाच तासांत भरते, म्हणून ती घरातली माणसं जागी असतानाच लावावी आणि झोपण्याआधी काढावी. रात्रभर ठेवून तिला काहीच मिळत नाही. दुपारी आजींच्या झोपेच्या वेळी, सून घरी असताना, हे अनेक घरांत नीट जमतं. ती पडली असेल, पावसात भिजली असेल, फुगलेली दिसत असेल, गोडसर उग्र वास येत असेल, किंवा चार्ज होताना हाताला चटका बसेल एवढी गरम होत असेल, तर लावायचीच नाही. धूर दिसला तर विझवत बसू नका. आधी माणसांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ ला फोन करा.

पण चेअर शिशाची असो की लिथियमची, ती कुठे लावायची हे बघाच. आपल्या घरांत जागा कमी, त्यामुळे ती दारापाशी किंवा पॅसेजमध्ये लावली जाते, नाहीतर इमारतीच्या जिन्याखाली. घरात एखादा माणूस स्वतः उठून पळू शकत नाही, आणि बाहेर पडायच्या वाटेवरच चार्जर आहे, ही रचना फार चुकीची आहे. पलंग आणि दार यांच्या मध्ये चेअर चार्जिंगला नको. नानांच्या घरी ती आम्ही खिडकीच्या बाजूला हलवली. पडदा बांधून ठेवला, चार्जर जमिनीवर फरशीवर ठेवला. गादीवर, चेअरच्या सीटवर किंवा रुमाल झाकून ठेवू नका, त्याला वारा लागला पाहिजे. शिशाची बॅटरी भरताना थोडा हायड्रोजन वायू सुटू शकतो, म्हणून बंद कपाटात नको आणि देवघराच्या समईजवळ नको. घरात ऑक्सिजनचं मशीन असेल तर त्यापासूनही लांब.

सॉकेटबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो. चेअर मोठी, म्हणून एसीच्या १५ अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावायची असं लोकांना वाटतं. ५ अँपिअरचा चार्जर भिंतीतून पावणेदोनशे वॉटच्या आसपास घेतो. दोन-तीन पंख्यांएवढं. साधं तीन पिनांचं ५ अँपिअरचं सॉकेट पुरतं. गडबड भाराची नसते, ढिल्या सॉकेटची आणि स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डाची असते. चार्जर लावून अर्ध्या तासाने भिंतीतल्या प्लगला बोट लावून बघा. चार्जर स्वतः कोमट असेल, ते ठीक. भिंतीतला प्लग गरम लागला, किंवा सॉकेटभोवती तपकिरी डाग आला असेल, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि सॉकेट बदला. तोपर्यंत तिथे लावू नका.

क्रम सोपा. भिंतीवरचं बटण बंद, प्लग चेअरला, मग बटण चालू. काढताना आधी बटण बंद, मग चेअरचा प्लग, वायर न ओढता. आणि एक बघा, भिंतीवरचं बटण बंद करून चार्जर चेअरला तसाच लटकत ठेवू नका. काही चार्जर त्या अवस्थेत बॅटरीतूनच थोडं थोडं शोषून घेतात.

कधी असं होतं की पूर्ण उतरलेल्या चेअरला चार्जर लावला आणि लाल न लागता लगेच हिरवा लागतो, किंवा काहीच लागत नाही. बॅटरी भरली असं समजू नका. बॅटरी इतकी खाली गेली आहे की चार्जर तिला ओळखतच नाही, किंवा सीटखालचा फ्यूज गेलाय. मेकॅनिकचं काम आहे.

मुंबईचं हवामान आणि गावाला जाणं

बॅटरीला उकाडा बाधतो. साधारण २५ अंशाच्या वर प्रत्येक १० अंशाला शिशाच्या बॅटरीचं आयुष्य निम्म्याच्या आसपास येतं असं धरतात. मे महिन्यात पश्चिमेच्या गॅलरीत उन्हात उभी केलेली चेअर, तीही उन्हातच चार्जिंगला, म्हणजे दुहेरी मार. सावलीत, आत. बाहेरून तापून आली असेल तर तासभर थांबून मग लावा. पावसाळ्यात भिजून आली तर कोरड्या कपड्याने सॉकेट पुसा, पाणी निथळू द्या, मगच प्लग. समुद्राजवळच्या घरांत प्लगच्या पिनांवर हिरवट थर येतो. महिन्यातून एकदा बघा.

गावाला जायचं असेल तेव्हा दोन्ही बॅटऱ्यांचे नियम पुन्हा उलटे होतात. शिशाची पूर्ण भरून, चेअरचं बटण बंद करून ठेवायची. वापरली नाही तरी ती महिन्याला थोडी आपोआप उतरते, उकाड्यात जास्त. म्हणून गणपतीला कोकणात जाऊन दिवाळीपर्यंत राहणार असाल, तर शेजाऱ्यांकडे किल्ली द्या आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक रात्र लावायला सांगा. लिथियमची मात्र काठोकाठ भरून ठेवू नये. अर्ध्यापेक्षा थोडी जास्त असेल तेव्हा बंद करून थंड जागी ठेवा, दोन महिन्यांनी एकदा बघा.

वयस्क माणसांसाठी मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे कॅलेंडर. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या रकान्यात रोज दोन आकडे लिहायचे, कधी लावली आणि हिरवा कधी दिसला. रात्री झोपेत हिरवा झाला असेल तर फक्त "सकाळी हिरवा". रोजच्या ठरलेल्या फेरीनंतर दिवे किती उरले तेही. दोन-तीन महिने हे असलं की बॅटरी खालावतेय का ते दुकानदाराच्या आधी आपल्याला कळतं. रोज वापरातल्या शिशाच्या बॅटऱ्या मुंबईत साधारण दीड ते तीन वर्षं जातात. त्यातलं दीड की तीन, हे बरंचसं या रकान्यांवर ठरतं.

नानांना शेवटी दोन नव्या बॅटऱ्या घ्याव्याच लागल्या, आणि ५ अँपिअरचा शिशाचा चार्जर. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला किंवा कचऱ्यात देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार त्या परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. नव्या घेतानाच दुकानात जुन्या द्या आणि बिलावर तसं लिहून घ्या. नानांच्या नव्या बॅटऱ्यांवर मी मार्करने तारीख घातली, मेकॅनिकने त्या बसवल्या, आणि संध्याकाळी साडेसहाला सुनेने स्वतः ठिपका ठिपक्यासमोर धरून प्लग लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅलेंडरच्या रकान्यात नानांच्या थरथरत्या अक्षरात "हिरवा" असं लिहिलेलं होतं.